संबंध क्षीण की मोजमाप कच्चे?

‘कुटुंबाच्या उत्पन्नाचा मुलांच्या शिक्षणखर्चाशी फारसा संबंध नाही’ असे सर्वेक्षणाच्या आधारे सांगणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. निष्कर्ष घाईचा वाटतो. त्यातले उत्पन्न लोकांनी तोंडी सांगितलेले आहे. सोयाबीन विकून वर्षातून एकदाच पैसे हाती येणारा शेतकरी ‘महिन्याला किती?’ या प्रश्नाला अंदाजानेच उत्तर देणार. अशा चुका कमी-जास्त दोन्हीकडे झाल्या, की सरासरी उत्पन्न काढताना त्या परस्परांना छेदतात. संबंध मोजताना मात्र तसे होत नाही, तो शून्याकडे ओढला जातो. सांगितलेली उत्पन्ने एकमेकांपासून किती विखुरली आहेत याचे माप म्हणजे व्हेरिअन्स; त्यापैकी चौथा हिस्सा निव्वळ चुकांचा असेल, तर हजार रुपयांमागे खरोखर ८० रुपयांनी वाढणारा खर्च ६० रुपयांनीच वाढलेला दिसतो. कुटुंबांची संख्या दुप्पट केली तरी ६० चे ८० होत नाहीत. काही कुटुंबांना थोड्या दिवसांनी पुन्हा विचारून दोन्ही उत्तरे ताडली असती, तर चुकांचा आवाका कळला असता. (श्रीमंत मंडळी मुद्दाम कमी सांगत असतील, तर हे गणितही बदलते.) राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने राहणीमान मोजताना उत्पन्नापेक्षा खर्चाच्या तपशिलावर भर दिला, तो उगाच नव्हे.

– एक वाचक, लातूर