विषय: मजकूर, लोगो आणि सर्व्हर अॅक्सेस न मिळाल्याने अडलेल्या वेबसाइटच्या कामाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, विपणन विभाग,
रबाळे एमआयडीसी, नवी मुंबई

महोदय,

आपल्या पंपांच्या वेबसाइटची १४ पैकी ९ पानं आमच्या नौपाड्याच्या ऑफिसात तयार होऊन पडली आहेत. बाकीची ५ पानं गेले पाच आठवडे रिकामी आहेत. फोन केला की "पाठवतो" असं उत्तर मिळतं, पण जे येतं ते वापरता येत नाही. म्हणून ही लेखी तक्रार, आणि नेमकं काय हवं आहे तेही इथेच लिहितो.

आधी लोगो. आपण व्हॉट्सअॅपवर पाठवलेला लोगो लेटरहेड स्कॅन करून कापलेला दिसतो. तो जेपीजी आहे आणि जेपीजीत पारदर्शक भाग राहत नाही, त्यामुळे निळ्या हेडरवर तो पांढऱ्या चौकोनात बसलेला दिसतो. मोठा केला की अक्षरांच्या कडा फाटतात. आम्हाला मूळ व्हेक्टर फाइल हवी, म्हणजे एसव्हीजी, एआय किंवा पीडीएफ. ती ऑफिसात सापडत नसेल तर आपली व्हिजिटिंग कार्डं आणि खोके छापणाऱ्या प्रिंटरला विचारा, त्याच्याकडे बहुधा कोरलड्रॉची फाइल असते. टेक्स्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं रूपांतर आकारांत करून, पीडीएफ द्या, असं त्याला सांगा. कर्व्ह केलं नाही तर आमच्याकडे तो फाँट नसल्याने कंपनीचं नाव भलत्याच अक्षरांत उघडतं. फाइल ईमेलने पाठवा. व्हॉट्सअॅपनेच पाठवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा.

"आयएसओचाही लोगो टाका" असं आपण सांगितलं होतं. आयएसओ ही संस्था स्वतःचा लोगो कोणाला वापरू देत नाही. ज्या संस्थेने आपल्याला प्रमाणपत्र दिलं तिचं चिन्ह, तिच्या नियमांप्रमाणे, लावता येतं. त्यासाठी प्रमाणपत्राची प्रत द्यावी.

मराठी मजकुराची वर्ड फाइल आली, पण ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. आपल्या कॉम्प्युटरवर तो फाँट असल्याने तिथे मराठी दिसतं. आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, आणि वेबसाइटवर तीच उमटतात. मजकूर निवडून फाँट बदलून 'एरियल' करा, लगेच कळेल. कन्व्हर्टरने काम होतं, पण रफार आणि जोडाक्षरं चुकतात. पंपाच्या देखभालीच्या सूचनांमध्ये अशी चूक राहून चालणार नाही. त्यामुळे आम्ही बदलून दिलेला मजकूर आपल्याकडच्या जाणत्या माणसाने ओळ न ओळ वाचून परत द्यावा, किंवा युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून पाठवावा.

सगळ्यात मोठा अडथळा डोमेनचा आहे. ते आधीच्या वेबसाइटवाल्याने स्वतःच्या अकाउंटवर घेतलं आहे आणि लॉगिनचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. त्याने "नेमसर्व्हर बदलून घ्या" असं सुचवलं, तसं कृपया अजिबात करू नका. आपले सगळे ईमेल याच डोमेनवर चालतात. नेमसर्व्हर बदलले की डीएनएसच्या सगळ्या नोंदी नव्या ठिकाणाहून वाचल्या जातात, आणि तिथे मेल कोणत्या सर्व्हरकडे जावेत ते सांगणारी एमएक्स नोंद नसेल तर ऑर्डरचे मेल येणंच बंद होईल. आपल्याला फक्त 'ए' रेकॉर्ड, म्हणजे वेबसाइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद, नव्या सर्व्हरच्या पत्त्याकडे वळवायचा आहे. मेल सध्या कुठे जातात हे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर पाहता येतं. example.com च्या जागी आपलं डोमेन घाला:

```
nslookup -type=mx example.com
```

जे उत्तर येईल त्याचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा. कंपनीच्या नावाने त्याच रजिस्ट्रारकडे, म्हणजे जिथे डोमेन नोंदवलं आहे त्या कंपनीकडे, नवं अकाउंट उघडा आणि डोमेन त्यात हलवून द्यावं असं आधीच्या व्यक्तीला लेखी कळवा. तो दाद देत नसेल तर कंपनीची कागदपत्रं घेऊन थेट रजिस्ट्रारकडे अर्ज करावा लागेल. याला वेळ लागतो, म्हणून हे काम आजच सुरू व्हावं.

होस्टिंगचा मुख्य पासवर्ड आम्हाला नको. सीपॅनेलमध्ये आमच्यासाठी वेगळं एफटीपी खातं आणि वेगळा डेटाबेस युजर काढून द्या, काम संपलं की दोन्ही काढून टाका. जुन्या साइटचा पूर्ण बॅकअप मात्र ही खाती देण्याआधी घेऊन ठेवा.

डोमेन हाती आलं तरी साइट त्याच दिवशी सुरू होणार नाही. 'ए' रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतर सर्व्हर जितका वेळ लक्षात ठेवतात तो काळ, सध्या ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस आहे. तो ३०० वर आणून २४ तास थांबू आणि मगच पत्ता बदलू, म्हणजे काही बिघडलं तर जुनी साइट थोड्या वेळात परत आणता येईल. लोगो आणि मजकूर येत्या शुक्रवारपर्यंत मिळावा आणि डोमेनसाठी आपल्याकडची एकच जबाबदार व्यक्ती नेमून तिचा नंबर कळवावा. तोवर ठरलेली तारीख आम्हाला पाळता येणार नाही, याची नोंद घ्यावी.

आपले विश्वासू,
वेबसाइट विभाग, नौपाडा, ठाणे