अण्णांच्या प्रार्थना सभेचा मजकूर लिहून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिकांची एवढी गर्दी असताना तुम्ही आमच्या एका पानाच्या मजकुरासाठी संध्याकाळ मोडलीत. बिलात तर फक्त छपाईचे पैसे लावलेत. तुमचं नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही म्हणून लिहीत नाही, पण तुम्ही त्या मजकुरात काय काय केलंत ते चार लोकांना कळावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

आपल्या कोल्हापुरात माणूस गेला की रक्षाविसर्जन कधी आणि उत्तरकार्य कधी, हे कुणाला विचारावं लागत नाही. प्रार्थना सभेचं तसं नाही. ‘सभा’ म्हटलं की भाषणं असतील, पुढारी येतील असं काहींना वाटतं. काही पाहुण्यांना वाटतं, हेच उत्तरकार्य; मग ते टॉवेल-टोपी नि साडी घेऊन निघतात. आमच्या भाच्यानं मोबाईलवर आलेल्या जुन्या मेसेजवरून जो मजकूर जुळवला होता, त्यात यातलं काहीच उलगडत नव्हतं. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये ‘दुःखद निधन’, खाली ‘सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे, हेच आग्रहाचे निमंत्रण’. वाचायला भरगच्च, पण सभा किती वाजेपर्यंत आहे ते कुठेच नाही.

तुम्ही पहिल्यांदा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ खोडलंत. म्हणालात, ती इतरांनी वाहायची असते, घरच्यांनी स्वतःच्याच पत्रावर कशाला छापायची? चौकातले फ्लेक्स बघून बघून आम्हाला ते खटकलंही नव्हतं. ‘आग्रहाचे निमंत्रण’ तर लग्नपत्रिकेतून थेट उतरलं होतं. दुःखाच्या प्रसंगी आग्रह करायचा नसतो, कळवायचं असतं. तुम्ही तिथे ‘कळवीत आहोत’ एवढंच ठेवलंत.

मग नावाआधी काय लावायचं यावर आमच्यात वाद झाला. काका म्हणाले ‘कै.’, आत्या म्हणाली अण्णा माळकरी होते, ‘वै.’च पाहिजे. तुम्ही सांगितलंत की लिंगायत घरातून मजकूर आला की ‘लिंगैक्य’ असतं, बौद्ध घरातून ‘कालकथित’, मुसलमान घरातून ‘पैगंबरवासी’, आणि ज्याच्या त्याच्या घरात जे चालतं ते न विचारता बदलायचं नाही. पण शेजाऱ्यांसाठीच्या सूचनेत यांपैकी काहीच नको, असंही म्हणालात. गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, पूर्ण नाव निम्म्या लोकांना माहीत नाही. ‘वै.’ आणि त्यापुढे तीन शब्दांचं नाव वाचून समोरच्या इमारतीतल्या आजींना कोण गेलं तेच कळलं नसतं.

तिथूनच दोन मजकूर करायचं ठरलं. पै-पाहुण्यांना पाठवला त्यात पूर्ण नाव, गावाचं नाव, तारखेबरोबर तिथीही होती, कारण भावकीला पुढं वर्षश्राद्धासाठी ती लागते. शेवटी सगळ्यांची नावं. त्यात आम्हा दोघी बहिणींची नावं भाच्याच्या मजकुरात नव्हती, ‘समस्त परिवार’ यात आम्ही आलो म्हणे! तुम्ही काही न बोलता भावांच्या ओळीतच ती वयाप्रमाणे बसवलीत. आईच्या नावाआधीचं ‘गं. भा.’ मात्र तुम्ही परस्पर काढलं नाहीत. आईलाच फोन लावून विचारलंत, तुमचं नाव कसं लिहू? ती म्हणाली, आजवर लिहीत आले तसं. विधवा प्रथा बंद करायचा ठराव करणारं हेरवाड आपल्याच जिल्ह्यातलं, २०२२ सालचा तो ठराव. तरी कार्डांवर हे ‘गं. भा.’ अजून सवयीनं छापलं जातं आणि ज्या बाईचं नाव आहे तिला कुणी विचारत नाही.

शेजाऱ्यांचा मजकूर मी इथे जसाच्या तसा देते, फक्त हॉलचं नाव आणि फोन गाळून:

‘आमचे वडील, आपणा सर्वांचे अण्णा, यांचे रविवार, दि. २ फेब्रुवारी रोजी पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले. रक्षाविसर्जन व उत्तरकार्य घरी पार पडले आहे. त्यांच्या आठवणीसाठी रविवार, दि. १६ फेब्रुवारी रोजी सायंकाळी ५ ते ६.३० या वेळेत प्रार्थना सभा ठेवली आहे, हे कळवीत आहोत. ५ वाजता भजन सुरू होईल. ६ वाजता अण्णांना ओळखणारे दोघे-तिघे बोलतील. शेवटी सर्वांनी मिळून पसायदान. या वेळेत केव्हाही यावे, थोडा वेळ बसून गेलात तरी चालेल. हॉल तळमजल्यावर आहे, खुर्च्यांची सोय आहे. हार, फुले, आहेर आणू नये. येणे न झाल्यास घरूनच आठवण काढावी.’

यातलं ‘दि. १६’ तुमच्यामुळे आलं. आम्ही ‘येत्या रविवारी’ लिहिलं होतं. मेसेज पुढे पाठवता पाठवता चार दिवसांनी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, म्हणून वार आणि तारीख दोन्ही हवं, ‘उद्या’ आणि ‘येत्या’ कधीच नको, असं तुमचं म्हणणं. ‘५ ते ६.३०’चाही फरक जाणवला. नुसतं ‘५ वाजता’ असतं तर उशीर झाला म्हणून काही जण दारातूनच परतले असते. दुकान बंद करून आलेले लोक सव्वासहाला आले आणि संकोच न करता बसले.

शेवटच्या ओळीवर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवलात. आमच्या मनात होतं, ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी न आल्यास आम्ही वाईट मानणार नाही, असं स्पष्ट लिहावं. फेब्रुवारीत प्रत्येक गल्लीत एकतरी मांडव असतोच. तुम्ही म्हणालात, ते लिहिलं की त्या घरांकडे बोट दाखवल्यासारखं होतं. आणि ज्यांना यायचंच होतं त्यांनाही आता न आलेलं बरं असं वाटायला लागतं. ‘येणे न झाल्यास’ यात सगळे बसतात, आजारी माणूस, परगावचा, हळद लागलेलं घर. शेजारच्या घरात साखरपुडा झालेला होता. तिथली माणसं आली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा नजर चुकवावी लागली नाही.

हार-फुलांची सूचना मात्र पूर्ण चालली नाही. शेजाऱ्यांनी पाळली, पाहुण्यांनी नाही. मामांकडचे टॉवेल-टोपी घेऊन आलेच. हे होणार असं तुम्ही आधीच सांगितलं होतं, की छापलेल्या ओळीनं रीत थांबत नाही, त्या दोन घरांना फोन करा. फोन राहून गेला, आणलेलं परत देणं बरं दिसलं नसतं म्हणून घेतलं.

संपर्काला आईऐवजी भावाचा आणि माझा नंबर घातलात, त्यामुळे तिचा फोन दिवसभर वाजत राहिला नाही. इमारतींच्या फलकांसाठी तोच मजकूर मोठ्या अक्षरात, काळ्या जाड चौकटीशिवाय काढून दिलात, आणि सभा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी कागद उतरवायलाही बजावलंत. भाचा सकाळीच जाऊन उतरवून आला.

तुम्ही विचारलं होतं, नावं काढून हा मजकूर दुसऱ्या कुणाला नमुना म्हणून दाखवला तर चालेल का. आईनं सांगितलंय, जरूर दाखवा. फक्त ‘माळकरी’वरून आमच्या घरात झालेला वाद सांगू नका म्हणते, आणि तो मी वर लिहून बसलेय.

तुमची,
अण्णांची धाकटी मुलगी