सुप्यातले कर्जरोखे आणि तुझी तीन वाक्यं

सई बाळा,

तू पाठवलेले वर्कशीटचे फोटो नीट झूम करून वाचले, दख्खनच्या दंग्यांवरचे सगळे प्रश्न. माहिती बरोबर आहे तुझी, पण मॅडमनी दोन-तीन वाक्यांत लिहा म्हटलंय आणि तू पहिल्याच उत्तराला अख्खं पान भरलंयस, त्यात अमेरिकेतलं युद्ध आहे, कापूस आहे, शेतसारा आहे, इंग्रज तर आहेतच, आणि एवढं सगळं वाचूनही शेतकऱ्यांनी कागदच का जाळले ते कळत नाही. आणि प्रश्न नेमका तोच आहे.

प्रश्न परत वाच: १८७५ मध्ये सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे का जाळले? शेतकरी गरीब का होते असं विचारलेलं नाही. दंगा का झाला एवढंच पण नाही विचारलंय. तू लिहिलंयस 'शेतकरी खूप गरीब होते व सावकार त्यांचे शोषण करत होते, त्यामुळे त्यांनी कागद जाळले.' आता बघ, गरिबीने माणूस धान्य लुटेल, गाव सोडून जाईल, पण कागद जाळून पोट भरत नाही, मग कागदच का? तुझ्या कारणातून हा परिणाम निघत नाही. उत्तर लिहून झालं की कारण आणि परिणाम यांच्यामध्ये 'म्हणजे कसं?' असं विचारायचं, आणि त्याचं उत्तर तुझ्या वाक्यात नसेल तर मधला दुवा राहिलाय असं समज.

इथे मधला दुवा म्हणजे तो रोखाच. शेतकऱ्याने किती घेतले आणि किती फेडले याचा एकच पुरावा, तो सावकाराच्या घरात, सावकाराच्या हातचा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याने नुसता अंगठा उठवलेला. कोर्टात केस गेली की सही-अंगठा असलेला कागद चालायचा, शेतकऱ्याचं तोंडी म्हणणं नाही, आणि त्या निकालावर जमीन, बैल, घर जप्त व्हायचं. म्हणजे कागद गेला की दावा लावायला आधारच उरत नाही.

याला पुरावा पण आहे, आणि मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली, मग हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत गेलं, पुढे सरकारने चौकशीला कमिशन नेमलं आणि त्याच्या अहवालात आलं की जिथे सावकाराने रोखे मुकाट्याने देऊन टाकले तिथे लोक सहसा पुढे काही करत नव्हते, नाही म्हटलं तिथेच मारहाण आणि जाळपोळ जास्त झाली. म्हणजे डोक्यात काय होतं ते त्यांच्या वागण्यातूनच दिसतं. सुप्यात धान्याची दुकानं पण लुटली गेली, ते खरंय, पण या प्रश्नाला ते नको.

मग उत्तर असं होईल बघ: 'शेतकऱ्यांच्या कर्जाचा पुरावा म्हणजे सावकारांकडचे रोखे व वह्या होत्या आणि त्यांच्या आधारे कोर्टातून जमिनी जप्त होत. हा पुरावा नष्ट केला तर सावकाराला दावा करता येणार नाही, म्हणून शेतकऱ्यांनी कागद जाळले.' दोनच वाक्यं, पण 'म्हणजे कसं?' ला उत्तर आहे. अमेरिका कुठेच नाही आणि तिची इथे गरजही नाही.

अमेरिकेचा प्रश्न तिसरा आहे, तिथे ती लागते. तू 'अमेरिकेत यादवी युद्ध झाले त्यामुळे दख्खनमध्ये दंगे झाले' असं लिहिलंयस, ही उडी फार लांब झाली, युद्ध १८६५ ला संपलं आणि दंगा १८७५ चा, मधली दहा वर्षं कुठे गेली? टप्पे धरून जा. १८६१ ला युद्ध सुरू झालं, अमेरिकेचा कापूस इंग्लंडला पोचेना, तिथल्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागला, भाव चढले, सावकार शेतकऱ्याला सढळ हाताने पैसे द्यायला लागले. युद्ध संपलं तसे भाव उतरले, सावकारांनी हात आखडता घेऊन जुनी बाकी मागायला सुरुवात केली, आणि त्याच सुमाराला १८६७ पासून नव्या आकारणीत शेतसारा वाढला, काही ठिकाणी ५० ते १०० टक्के. तीन वाक्यांत हे सगळं बसणार नाही, मग काय ठेवायचं? प्रश्न 'युद्ध संपल्याचा दख्खनच्या शेतकऱ्यांवर काय परिणाम झाला' असा आहे ना, मग भाव उतरणं आणि कर्ज बंद होणं एवढंच ठेव. सारा सोड, कारण तो युद्ध संपल्यामुळे वाढला नव्हता, फक्त त्याच काळात वाढला. एकाच वेळी घडलं म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही, यात तुझे मार्क जातात.

दुसरा प्रश्न तू कोरा सोडलास, १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचा, तो मला सगळ्यात भारी वाटतो. कायदा असा की कर्जरोखा तीन वर्षंच ग्राह्य, कारण व्याज वर्षानुवर्षं साठत जाऊ नये. हेतू शेतकऱ्याला वाचवायचा होता. झालं उलटं, सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला लागले आणि जुनी मुद्दल अधिक थकलेलं व्याज मिळून नवी मुद्दल धरायला लागले. मान की १०० रुपये घेतले, व्याज शेकडा २५, काहीच फेडता आलं नाही, तर तीन वर्षांनी ७५ रुपये व्याज, नवा रोखा १७५ चा. पुढच्या तीन वर्षांचं व्याज आता १७५ वर, म्हणजे सव्वाशेच्या वर. आकडे मी समजायला घेतलेत, उत्तरात लिहू नकोस.

अशा प्रश्नात पहिल्या वाक्यात हेतू आणि दुसऱ्यात प्रत्यक्षात काय झालं ते, नाहीतर 'कायद्यामुळे शेतकऱ्यांना फायदा झाला' असं लिहून बसशील, हेतूलाच परिणाम समजून. 'व्याज साठू नये म्हणून १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे केली. पण सावकार मुदत संपताना व्याज मुद्दलात धरून नवा रोखा लिहून घेऊ लागले, त्यामुळे कर्ज कमी होण्याऐवजी वाढत गेले.' हे मी लिहिलंय पण तू तुझ्या शब्दांत लिही.

चौथा, दंग्यांचे परिणाम. तिथे १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट घे, पण नुसतं नाव नको, त्याने काय बदललं ते एका वाक्यात लिही: कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं ते तपासता यायला लागलं, आणि कर्ज फेडता येत नाही म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. पहिला मुद्दा रोख्यांशी थेट जोडता येतो, म्हणून जागा कमी पडली तर तोच ठेव. 'सावकारी संपली' असं मात्र लिहू नकोस, ती संपली नव्हती.

तिसरं आणि चौथं परत लिहून फोटो पाठव, मी संध्याकाळी कामावरून आले की बघते. आजीला सांग गोळ्या संपल्या असतील तर मला फोन करायला.

तुझी
आई