कुकरची शिट्टी होत नसेल तर आधी रिंग बदला? – माहितीपुस्तिकेतील सल्ल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ५ लिटर कुकरची (बाहेरून बसणारे झाकण) चुकीची दुरुस्ती आणि पुस्तिकेतील अपुरी माहिती

महोदय,

आपल्या कुकरची शिट्टी होईनाशी झाली म्हणून तो आपल्या अधिकृत सेवा केंद्रात दिला होता. तिथे झाकणाची रिंग बदलून कुकर परत मिळाला. त्यानंतर पहिल्याच वापरात शिट्टी न होता सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि डाळ ओट्यावर, भिंतीवर गेली. बिल व जुनी रिंग सोबत जोडली आहे. कुकरवर आयएसआय चिन्ह आहे आणि व्हॉल्व्हने आपले काम चोख केले. तक्रार भांड्याबद्दल नाही, निदानाबद्दल आहे.

शिट्टी न होण्याची दोन अगदी वेगळी कारणे असतात. रिंग कडक किंवा सैल झाली की वाफ झाकणाच्या कडेने निसटते. कडेला पाण्याचे थेंब फुरफुरतात, आत दाब धरत नाही, पाणी आटते आणि डाळ तळाला लागते. शिट्टीखालची नळी तुंबली तर कडेने काहीच येत नाही. कुकर नुसता गप्प बसतो, पण आत दाब वाढत असतो. माझ्या कुकरची कड कोरडी होती. हे मी केंद्रात सांगितले होते, तरी नळी कोणी पाहिली नाही. जुनी रिंग थोडी ढिली असल्याने, कडेला थेंब दिसण्याइतकी नाही तरी थोडी वाफ सुटत असावी. नवी घट्ट रिंग बसवल्यावर तीही वाट बंद झाली. पुस्तिकेत मात्र एवढेच छापले आहे : ‘शिट्टी होत नसल्यास रिंग बदलावी.’

नळी तुंबली कशाने, तर जास्त भरण्याने, आणि इथेही पुस्तिका कमी पडते. तिच्यात ‘कुकर दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरू नये’ एवढेच आहे. ही मर्यादा भाजी, बटाटे यांना ठीक. भाताला अर्धा आणि थेट कुकरात शिजणाऱ्या डाळीला एक तृतीयांश, हे वेगळे सांगायला हवे, कारण डाळ फुगते आणि फेसाळते. हिशेब पाहा. अर्धा किलो तूरडाळ आणि १.८ लिटर पाणी मिळून पातळी दोन लिटरच्या वर जाते. पुस्तिकेच्या मर्यादेत (सुमारे ३.३ लिटर) ती आरामात बसते, पण डाळीची खरी मर्यादा साधारण १.६५ लिटर आहे. फेस नळीत चढतो, डाळीचे पीठ आत वाळते आणि दोन-चार वेळांत भोक बुजते. झाकण वरून कितीही घासले तरी ते दिसत नाही.

तपासायला अर्धा मिनिट पुरतो. झाकण उजेडाकडे धरून आतल्या बाजूने नळीतून पाहावे. गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. अंधुक दिसला तर बारीक तार फिरवून नळाखाली धरावे, पाणी सरळ धारेने पडले पाहिजे. गॅसवर ठेवताना शिट्टी आधी लावू नये. नळीतून वाफेची सलग धार आली की मगच बसवावी. तेवढ्यात आतली हवा निघून जाते, त्यामुळे पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून मोजलेली मिनिटे भरवशाची ठरतात. धार आलीच नाही, तर नळी बंद आहे हे दाब चढण्याआधीच कळते.

सर्वांत धोक्याची गोष्ट पुस्तिकेत नाहीच. शिट्टी किंचित उचलून आवाज आला नाही की वाफ गेली, असे आपण सर्वच धरून चालतो. नळी तुंबलेली असताना आत दाब असूनही आवाज येत नाही. अशा वेळी दांडा नेहमीपेक्षा जड फिरतो. तिथेच हात थांबवावा, जोर लावू नये आणि कुकर पूर्ण निवू द्यावा. डाळीच्या कुकरची शिट्टी घाईने उचलली तर फेस पुन्हा नळीत शिरतो; गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे थांबणे बरे.

रिंगेबद्दलही दोन ओळी हव्यात : रोज काढून धुवावी, पुसून मोकळी ठेवावी, घट्ट लावलेल्या झाकणात दाबून ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवून आवळण्याचा घरगुती उपाय एक-दोन दिवसांचाच. चीर दिसली किंवा दाबल्यावर लवचीकपणा जाणवला नाही की बदलावी.

माझ्या मागण्या अशा :

सेफ्टी व्हॉल्व्ह विनामूल्य बदलून मिळावा आणि नळी व झाकण माझ्यासमोर तपासावे. रिंगेचे घेतलेले पैसे परत करावेत. पुस्तिकेतील ती ओळ बदलून ‘आधी नळी तपासा, मग रिंग’ असे छापावे आणि तीनही भरण्याच्या मर्यादा भांड्याच्या आतल्या बाजूला रेघांनी दाखवाव्यात. सेवा केंद्रांनाही हाच क्रम लेखी कळवावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला,
एक ग्राहक

सोबत : दुरुस्तीचे बिल, जुनी रिंग, उडालेल्या व्हॉल्व्हची छायाचित्रे