१०० वर अडकलेली लिंक सोडवून देणाऱ्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, त्या दिवशी मेसेजमध्ये नुसतं थँक्यू लिहिलं पण माझं समाधान होईना, म्हणून आज सगळ्यांसमोर नीट लिहितोय, म्हणजे ज्यांची लिंक अशीच अडकून बसलीय त्यांनाही तुम्ही सांगितलेलं कामाला येईल.

माझ्या नासवर फाइल कॉपी करताना स्पीड सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जातच नव्हता. पीसीचं पोर्ट गिगाबिट, स्विच गिगाबिट, भिंतीतून आलेल्या केबलवर कॅट सिक्स छापलेलं, मग अडतंय कुठे? ज्याला विचारावं तो म्हणे स्विच बदल, नाहीतर ड्रायव्हर नवीन टाक. तुम्ही मात्र आकडा ऐकल्या ऐकल्या म्हणालात की १०० ला ८ ने भाग, साडेबारा येतात, त्यातलं थोडं ओव्हरहेडमध्ये जातं, म्हणजे तुझी लिंक १०० मेगाबिटवर आहे. आणि मग `ethtool eth0` चं आउटपुट मागितलंत. त्यातल्या या दोन गोष्टींवर तुम्ही बोट ठेवलंत:

```
Link partner advertised link modes:  1000baseT/Full
Speed: 100Mb/s
```

(वरच्या यादीत बाकीचे मोडही होते, कामाचा तेवढा ठेवलाय.) समोरचा स्विच १००० देतो म्हणतोय, आपलं कार्डही १००० देतो म्हणतंय, तरी लिंक १०० वर, मग शंका केबलवर घ्यायची, असं तुम्ही म्हणालात. आणि का ते समजावून सांगितलंत त्याबद्दल खरे आभार. १०० मेगाबिटला केबलमधल्या दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६, म्हणजे नेहमीच्या बी पद्धतीत केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात, निळी (४-५) आणि तपकिरी (७-८) धरून. गंमत अशी की कुठल्या स्पीडवर चालायचं ही बोलणी केशरी-हिरव्या जोड्यांवरच होतात, त्यामुळे दोघं १००० वर राजी होतात, पण प्रत्यक्ष लिंक उभी करायला जातात तेव्हा उरलेल्या जोड्यांवर काहीच पोचत नाही, काही वेळा ट्राय करून चिप स्वतःच १०० वर उतरते. ज्या कार्डात ही उतरायची सोय नसते तिथे लिंक लागतच नाही, किंवा नुसती चालू-बंद होत राहते. मी विचारलं होतं की सेटिंगमध्ये १००० फिक्स करून टाकू का, तर तुम्ही लगेच थांबवलंत, कारण तांब्याच्या केबलवर गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन लागतंच आणि तुटलेली तार सेटिंगने काही जोडली जात नाही.

मग तुम्ही एकेक तुकडा वेगळा काढायला लावलात. दोन्हीकडचे पॅच कॉर्ड बदलले, तरी १०० च. म्हणजे दोष भिंतीतल्या केबलचा. टेस्टर लावला तर १, २, ३, ६ चे दिवे लागले, ४-५ बंद, आणि ७-८ केबल हलवली की मधेच लुकलुकायचे. हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, मोबाइलचा टॉर्च लावून कनेक्टर समोरून बघ, आठही तारांची तांब्याची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. बघतो तर निळ्या जोडीची दोन्ही टोकं बरीच आत राहिलेली, वरची सोनेरी पाती त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नव्हती! तपकिरीचं प्रकरण वेगळं होतं. बाहेरचं आवरण सोलताना ब्लेड खोल गेलेलं, तारेला खाच पडलेली, आणि आवरण कनेक्टरच्या आत न घेतल्यामुळे सगळा ताण त्या बारीक तारांवर येऊन तार खाचेपाशी तुटलेली. कोणी क्रिंप केलं होतं कोण जाणे, पण दोन जोड्या दोन वेगळ्या कारणांनी गेलेल्या तुम्ही न बघता ओळखल्यात.

कनेक्टर कापून नवीन बसवताना तुम्ही फोनवर थांबलात हे मी विसरणार नाही. पीळ जेमतेम अर्धा इंच उलगडायचा, तारा रंगाप्रमाणे लावून सरळ करायच्या आणि मगच सगळ्या एका रेषेत कापायच्या, आवरण आतल्या खिट्टीखाली गेलंय ना बघून मग दाबायचं. शिवाय केबल सॉलिड तारेची असेल तर कनेक्टरही सॉलिडला चालणाराच घ्यायचा, हे तर मला दुसऱ्या कोणी सांगितलंच नसतं.

आता `Speed: 1000Mb/s` येतंय आणि कॉपी ११० एमबीच्या आसपास चालते. टेस्टरचे आठही दिवे लागले तरी त्यावर विसंबू नको, कारण जोड्या चुकीच्या जुळवलेल्या असल्या तरी ते दिवे लागतात, असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून मोठी फाइल पाठवून `ethtool -S eth0` मधले एररचे आकडेही बघितले, वाढत नाहीयेत. दुसऱ्या खोलीतल्या केबलचा कनेक्टरही त्याच हाताचा दिसतोय, तो याच रविवारी उघडतो आणि आउटपुट तुम्हाला पाठवतो. खूप खूप आभार दादा.