तळ्यावर तळं

अगं चिऊ,

काल रात्री तू वहीच्या पानाचा फोटो पाठवलास, सहा रेघा, बाजूला आकडे आणि खाली "आई हे वाईट आहे का?" मी लगेच फोन केला नाही कारण तू कॅबमध्ये असणार आणि चार माणसांत बोलण्यासारखा हा विषय नाही. म्हणून लिहितेय, जेवून झाल्यावर निवांत वाच.

आधी एक सांगते, तू रेघा उलट्या मांडल्यास. आय चिंगमध्ये, म्हणजे चौसष्ट आकृत्यांच्या त्या जुन्या चिनी शकुनाच्या पुस्तकात, घर बांधतात तसं खालून वर जायचं असतं, पहिल्यांदा नाणी टाकल्यावर जी रेघ येते ती सगळ्यात खाली. तू पहिली रेघ वर काढलीस आणि खाली उतरत गेलीस त्यामुळे तुला ५७ नंबर मिळाला, वारा, आणि त्यातली बदलणारी तिसरी रेघ, जिथे पुन्हा पुन्हा आत शिरू बघण्याची नामुष्की लिहिलीय. मग तुला वाटलं की तूच तुझ्या त्या मित्राच्या मागे मागे करतेयस असं पुस्तक म्हणतंय. तसं काही नाहीये बाळा. तुझे आकडे बरोबर आहेत, टाकलेल्या क्रमाने ७, ७, ८, ९, ७, ८. छापा ३, काटा २, तीन नाण्यांची बेरीज, त्यात ७ आणि ९ म्हणजे अखंड रेघ, ६ आणि ८ म्हणजे मधे तुटलेली, आणि ६ नि ९ या बदलणाऱ्या. आता हेच आकडे खालून वर मांड. दोन अखंड एक तुटलेली, परत दोन अखंड एक तुटलेली. हे ५८ आहे. ५७ आणि ५८ ही जोडीच आहे, एक उलटं केलं की दुसरं होतं, आणि दोन्ही पुस्तकात शेजारी शेजारी असल्याने चूक झालीय हे कळतच नाही.

आणि रात्री साडेबाराला तू परत एकदा नाणी टाकलीस ते धरू नकोस. त्या पुस्तकातच, ४ नंबरमध्ये, लिहिलंय की पहिल्यांदा विचारलं तर सांगतो, दोनदा तीनदा विचारलं तर तो त्रास देणं झालं आणि मग सांगत नाही. तुझं उत्तर पहिलंच, फक्त कागदावर उलटं पडलं होतं.

तर ५८. नाव दुइ. तळ्यावर तळं. इंग्रजीत याला आनंदी म्हणतात आणि तुझा प्रश्न होता की आमच्यातलं हे सगळं हसणं खेळणं खोल आहे का नुसतं वरवरचं, त्याला हे उत्तर आलं म्हटल्यावर मी बराच वेळ तो फोटो बघत बसले.

सिंगापूरला आपल्या शेजारी ज्या काकू होत्या, ज्या तुला संत्री द्यायच्या, त्यांच्याकडेच मी हे शिकले हे तुला माहितीय. त्यांनी एकदा लाईटच्या बिलाच्या पाठीमागे मला दुइचं अक्षर काढून दाखवलं होतं. नुसतं अक्षर काढलं, मग त्याच्या डाव्या बाजूला बोलण्याची खूण जोडली आणि म्हणाल्या हे झालं बोलणं. मग शेजारी तेच अक्षर परत काढून डावीकडे मनाची खूण जोडली, म्हणाल्या हा झाला आनंद. मधलं अक्षर दोन्हीकडे तेच. आणि गंमत अशी की पुस्तकावरच्या जुन्या भाष्यात दुइचा अर्थ सांगताना बोलण्याचंच अक्षर लिहिलंय पण तिथे ते आनंद असं वाचायचं असतं. तुझा प्रश्न अगदी तिथलाच आहे बघ. तुम्ही दोघं बोलता खूप, चहाच्या टपरीवर, लिफ्टमध्ये, रात्री दीडपर्यंत चॅटवर, तो तुला सगळ्यांसमोर "आमच्या मिसेस आल्या" म्हणतो आणि तू पण उलटं उत्तर देतेस आणि सगळे हसतात. बोलण्याची खूण तर जोडलेली दिसतेच आहे. मनाची जोडलीय का हे तुला हवंय.

आता ते तळं जवळून बघ. तीन रेघांचं एक तळं, खाली दोन अखंड, वर एक तुटलेली. म्हणजे आत घट्ट आणि बाहेरून मऊ, भाष्यात हेच शब्द आहेत. तळ्याला तळ पक्का असेल तरच पाणी साठतं, नाहीतर नुसता चिखल. म्हणून हलकंफुलकं वागणं हे काही वाईट नाही, मऊपणा बाहेर असायलाच हवा, पण खाली काहीतरी न हलणारं हवं. उलट बाहेर कडक आणि आत पोकळ अशी माणसं जास्त फसवतात. त्यामुळे तो फ्लर्ट करतो म्हणून तो उथळ असं मी कधीच म्हणणार नाही, तुझे बाबा लग्नाआधी काय कमी बोलायचे का.

सहा रेघांत तुटलेल्या दोनच आहेत, तिसरी आणि सहावी, आणि काळजी त्याच दोघींची असते. तिसरीत म्हटलंय येणारा आनंद, अशुभ. म्हणजे आत काही नाही म्हणून बाहेरून जो आनंद चालत येईल तो घ्यायचा. सहावीत नुसते दोनच शब्द आहेत, ओढून नेणारा आनंद, शुभ पण नाही अशुभ पण नाही, काही सांगितलंच नाही. या दोन्ही तुझ्या पानावर ८ आहेत, बदलत नाहीयेत, त्यामुळे त्यातलं अशुभ स्वतःवर घेऊ नकोस. तू मेसेजमध्ये लिहिलंस की नेटवर ५८ उघडून सगळ्या सहा ओळी वाचल्या, तसं करायचं नसतं गं, जी रेघ बदलते तीच तुझी. बाकीच्या शेजारणी.

तुझी चौथी. ९ आलाय तिथे. तिचं मराठी करायचं तर असं होईल, तोलून बघितलेला आनंद, अजून मन स्वस्थ नाही, पण दुखण्याला वेळेत अडवलं तर आनंद आहे. ते तोलणं म्हणजे जो शब्द आहे तो व्यापाराचा पण आहे, भाव करणं, घ्यावं का न घ्यावं. ही रेघ बरोबर मधे उभी आहे, खाली ती तिसरी, चालत येणारी मजा, अगदी खेटून, आणि वर पाचवी, घट्ट, मुख्य जागेवरची. चौथीला दोन्हीकडे बघावं लागतं म्हणून ती स्वस्थ नाही. तुझ्या पोटात जे गेले दोन महिने कालवतंय ते हेच आहे, आणि पुस्तक त्याला चूक म्हणत नाही, उलट तोलतेयस हेच बरं आहे म्हणतं.

आणि दुखणं हा शब्द वाचल्यावर मला तुझा डेंग्यू आठवला. तू सांगितलं होतंस की तिसऱ्या दिवशी तो दोन शहाळी घेऊन आला, दारात उभ्या उभ्या म्हणाला मॅडम फार नाटकं चाललीत, मग आत आला, खुर्चीवर बसला आणि त्याला काही बोलायलाच सुचेना. दहा मिनिटं तो शहाळ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीला गाठी मारत बसला आणि मग निघून गेला. तू हे तक्रार म्हणून सांगत होतीस, की बघ जोक संपले की त्याच्याकडे काही नसतं. मला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं आणि आज तर अजिबात नाही. ज्याच्याकडे काहीच नसतं तो येत नाही, स्टिकर पाठवतो. पण तो परत आला नाही आणि तुझे प्लेटलेट्स किती झाले हेही विचारलं नाही, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी ताजव्यात ठेव, एक काढून टाकू नकोस.

आता ९ बदलला की काय होतं ते बघ, मला यातला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे. चौथी रेघ म्हणजे वरच्या तळ्याचा तळ. तो अखंडचा तुटलेला झाला की वरचं तळं तळं राहत नाही, ते खोल पाणी होतं, त्याला वेगळं नाव आहे, खान. खालचं तळं मात्र तसंच, पक्क्या तळाचं. तळ्यावर पाणी म्हणजे ६० नंबर, जिए, मर्यादा. तो शब्द बांबूच्या पेराचा आहे. म्हणजे तू खोल आहे का विचारलंस आणि उत्तर असं आलं की खोल होऊ शकतं, पण मग खाली धरून ठेवणारं तळं लागेल, आणि तळ्यात मावतं तेवढंच पाणी मावतं. ६० मध्ये चौथ्याच जागेवर लिहिलंय स्वस्थ मर्यादा, यश. इकडे चौथीत मन स्वस्थ नाही आणि तिकडे चौथीत स्वस्थ. काकू असं जोडून वाचायच्या, बदलणारी रेघ आणि ती जिथे जाते तिथली रेघ, सगळे नाही वाचत तसं पण मला पटतं.

लगेच त्याच्याशी बोलणं बंद करू नकोस हां, तुझा तो स्वभाव मला माहितीय, सगळं नाहीतर काहीच नाही. ६० च्या सुरुवातीलाच म्हटलंय की कडू मर्यादा धरून बसू नये. पेर म्हणजे बांबू तोडणं नाही, मधे मधे गाठ असणं. मला सुचतं ते एवढंच, रात्री अकरानंतरचं चॅट थांबव, कारण तिथे फक्त थट्टाच चालते आणि सकाळी काय बोललो ते दोघांनाही आठवत नाही. आणि त्याला एक गोष्ट अशी विचार ज्यावर जोक होऊ शकत नाही, त्याच्या वडिलांची नोकरी गेली म्हणालीस ना, ते कसे आहेत एवढं विचार, आणि तो हसण्यावारी नेऊ लागला तर तू हसू नकोस, गप्प बस, जरा वेळ जाऊ दे. शहाळ्याची पिशवी आठव. जर तो बोलला तर तळ आहे. जर दरवेळी पिशवीला गाठीच मारत राहिला, एकदा नाही, तीन चार वेळा, तर तुला कळेल.

अजून एक. ५८ च्या चित्र नावाच्या भागात लिहिलंय की शहाणा माणूस मित्रांबरोबर चर्चा करतो आणि सराव करतो. दोन तळी शेजारी असली की एकमेकांना सुकू देत नाहीत, तसे मित्र. तुम्ही दोघं मिळून काही शिकता का गं? तू म्हणाली होतीस तो तुला एक्सेलमधलं काहीतरी शिकवत होता आणि तेव्हा अर्धा तास तुम्ही एकदाही चिडवाचिडवी केली नाहीत आणि वेळ कसा गेला कळलं नाही. तो अर्धा तास मला दीडपर्यंतच्या चॅटपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

फक्त एवढं लक्षात असू दे की हे पान तुझं आहे, नाणी तू टाकलीस. त्याच्या मनात काय आहे ते यात नाही, असूही शकत नाही, चौथी रेघ तोलणाऱ्याची आहे आणि तोलतेयस तू. पुढच्या वेळी प्रश्न पण असा नको, की खोल आहे का नाही, हो नाहीचा. या मैत्रीत मी काय बघत नाहीये असं विचारलं असतंस तर वाचायला सोपं गेलं असतं.

दुइला धाकटी मुलगी पण म्हणतात, माहितीय का तुला. काल फोटो बघताना सगळ्यात आधी तेच आलं मनात.

रविवारी दहानंतर फोन कर, बाबा बाजारात गेलेले असतात. आणि येताना ती वही घेऊन ये, ५७ चं पान फाडू नकोस, शेजारी ५८ काढ आणि तारीख टाक. शहाळ्यांचं पण लिहून ठेव तिथेच.

तुझी,
आई