एका उंबऱ्याआत दोन चुली: बाईंना आभाराचं पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या कवितावाचन मंडळाच्या वह्यांच्या समासात तुम्ही पेन्सिलीनं लिहिलेली टिपणं आता सगळ्यांनी उतरवून घेतली आहेत. त्यांबद्दल आभार मानायला हे उघडं पत्र लिहितो आहोत. कवितेत 'हात' म्हटलं की माणूस, 'तख्त' म्हटलं की सत्ता आणि 'चूल' म्हटलं की घर कसं उभं राहतं, हे तुम्ही नावं पाठ करायला न लावता तपासून पाहायला शिकवलंत. ती तपासणी इतर वाचकांनाही उपयोगी पडावी, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

तुम्ही संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'तल्या लक्षणेच्या, म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थापलीकडचा अर्थ घेण्याच्या, तीन अटींपासून सुरुवात केलीत. शब्दाचा सरळ अर्थ जागेवर बसत नाही, ही पहिली. सरळ अर्थ आणि अभिप्रेत अर्थ यांच्यात काहीतरी नातं असतं, ही दुसरी. आणि असं बोलण्यामागे रूढी तरी असते किंवा कवीचा हेतू तरी, ही तिसरी. मग उदाहरणासाठी आपल्या नागपूरच्याच राजा बढे यांचं महाराष्ट्रगीत घेतलंत. ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच त्यातले शब्द कुणी थांबून पाहत नाही.

'पोलादी मनगटे खेळती खेळ जीवघेणी.' मनगटं आपणहून खेळत नाहीत, म्हणजे सरळ अर्थ अडला. मनगट हा माणसाचा अवयव, म्हणजे नातं अंश आणि पूर्ण यांचं. हेतू काय, हे कळण्यासाठी तुम्ही शब्द बदलून पाहायला सांगितलंत. 'माणसे खेळती' म्हटलं तर अर्थ तोच राहतो, पण शस्त्र पेलणारा सांधा नजरेआड होतो. 'मस्तके खेळती' म्हटलं तर ओळ कोसळते, कारण त्या खेळात मस्तकाचं ते काम नाही. यातून निघालेला नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो: कोणता अवयव घ्यायचा हे क्रियापद ठरवतं. 'पोलादी' मात्र निराळं काम करतं. तिथे नातं साम्याचं आहे, म्हणजे ते रूपकाच्या घरचं. शेजारी शेजारी बसलेले दोन शब्द दोन वेगळ्या वाटांनी अर्थ आणतात, आणि बहुतेक रसग्रहणांत दोन्ही 'प्रतिमा' या एकाच नावाखाली टाकले जातात.

त्याच कडव्यात 'दिल्लीचेही तख्त राखितो' येतं. तख्त हा सत्तेचा तुकडा नाही, सत्तेशी जोडलेली वस्तू आहे. म्हणून पाश्चात्त्य परिभाषेत मनगट सिनेक्डकी ठरतं आणि तख्त मेटॉनिमी. तुमचा प्रश्न याहून पुढचा होता: नवा अर्थ आल्यावर जुना उरतो का? मनगट उरतं, कारण लढणारा माणूस मनगटासकटच लढतो. तख्त गळून पडतं, कारण राखायची असते ती राजसत्ता, लाकूड-सोनं नव्हे. मम्मटाची दोन जुनी उदाहरणं हाच फरक दाखवतात. 'भाले आत शिरताहेत' यात भाले माणसांसोबत असतातच. 'गंगेवर गवळीवाडा' यात मात्र गंगेचा प्रवाह सुटतो आणि काठ उरतो. पण भाला हा माणसाचा अवयव नाही, त्यामुळे ही विभागणी आणि पाश्चात्त्य विभागणी एकावर एक तंतोतंत बसत नाहीत. जुळवायचा हट्ट धरू नका, दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा, असं तुम्ही ठामपणे लिहिलं होतं.

हातांवरचं तुमचं टिपण सर्वांत लांब आहे आणि ते तसंच हवं होतं. 'खाणारी तोंडं पाच, कमावते हात दोन' या बोलण्यात माणसं तीच आहेत, पण कुणाला तोंड म्हटलं आणि कुणाला हात, यात बोलणाऱ्याचा निवाडा आलेला असतो. कापूस वेचणाऱ्या बायांवरच्या कवितेत 'वेचणीचे हात रडले' ही ओळ का अडखळते, हेही त्यावरून कळतं. रडणं हाताच्या वाट्याला येत नाही, वाचक मध्येच हाताला डोळे शोधू लागतो. 'वेचणीचे हात रिकामे परतले' म्हटलं की रिकामेपण हाताचंही आणि बाईचंही. विशेषण दोन्ही अर्थांना लागू पडलं की ओळ तोलून राहते.

संख्येचा धोका तर मराठीचा खास आहे. 'वीस हात विहिरीत उतरले' असं लिहिलं की वाचक माणसं मोजत नाही, खोली मोजतो, कारण हात हे आपलं दीड फुटाचं माप आहे. शिवाय 'दोनाचे चार हात' या लग्नाच्या बोलीत माणशी दोन हात मोजलेले आहेत, त्यामुळे वीस हात म्हणजे वीस माणसं की दहा, हाही घोळ होतो. आकडा द्यायचाच असेल तर 'डोकी' घ्यावी, 'हात' अनेकवचनी पण आकड्याविना ठेवावेत, ही तुमची सूचना आता आमच्याकडे पाळली जाते.

चूल आणि उंबरा यांच्यातला फरक तुम्ही दाखवलात, त्याबद्दलचे आभार वेगळे मानायला हवेत. गाव उंबऱ्यांनी मोजतात. उंबरा घराचा भाग आहे, तो आधी घराकडे नेतो आणि घर कुटुंबाकडे, म्हणजे दोन पायऱ्या. चूल मात्र घर दाखवत नाही, एकत्र जेवणारी माणसं दाखवते. चूलबंद आवतण म्हणजे त्या चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांना बोलावणं. म्हणून भावांच्या वाटणीवरच्या कवितेत 'एका उंबऱ्याआत दोन चुली' एवढ्यात सगळी हकिकत येते, आणि 'एका चुलीत दोन उंबरे' म्हटलं तर काहीच येत नाही. 'चूल विझली' ही ओळ रूढीनं इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यात राखही दिसत नाही. अशा वेळी चुलीच्या भागांकडे जा, वैल, फुंकणी, तिसरा दगड यांतलं काहीतरी घ्या, म्हणजे वस्तू परत दिसू लागते, असं तुम्ही लिहिलंत.

मुकुटाबद्दल थोडक्यात. मराठी कान मुकुटात देव किंवा नाटकातला राजा पाहतो. राज्यासाठी आपल्याकडे गादी, तख्त, छत्र आहे. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचं राज्य घेतलं, त्याला 'गादी खालसा झाली' म्हटलं तर चटकन समजतं, 'मुकुट खालसा झाला' परकं वाटतं. फक्त कापसावरच्या कवितेत 'गादी' आली की ती पिंजलेल्या कापसाची होऊन बसते. तिथे 'तख्त' घ्यावं.

ही टिपणं शाईनं उतरवून त्यांची एक प्रत तुमच्यासाठी ठेवली आहे. समास मुद्दाम रुंद सोडला आहे. 'घाम' आणि 'माती' या शब्दांवर तुमचं टिपण अजून यायचं आहे, त्यांच्यासाठी शेवटची चार पानं कोरी आहेत.

तुमचे ऋणी,
कवितावाचन मंडळाचे सभासद, नागपूर